दहा महिने वापरल्यानंतर: ‘अनलिमिटेड’ फायबर आणि महिन्याचे शेवटचे सहा दिवस

कनेक्शन घेतलं गेल्या नोव्हेंबरात. ठाणे पूर्व, कोपरी, चाळीस वर्षं जुनी सोसायटी, आमच्या भागातला केबलवालाच आता फायबर देतो. प्लॅन १०० एमबीपीएसचा. पत्रकावर मोठ्या अक्षरात ‘अनलिमिटेड’ आणि खाली मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात ‘१००० जीबीनंतर २ एमबीपीएस’. सही करताना ती ओळ मी वाचली होती, आणि चार माणसांच्या घरात हजार जीबी कोण संपवतंय म्हणून हसून सोडून दिली होती.

पहिले पाच महिने तक्रारीला जागा नव्हती. वायरने लॅपटॉप जोडला की ९४ दिसायचे. शंभर एमबीपीएसच्या पोर्टमधून प्रत्यक्षात मिळतात ते एवढेच, त्यामुळे ते सहा कुठे गेले म्हणून भांडायला जाऊ नका.

गडबड मे महिन्यात सुरू झाली. टीव्हीवर चित्र धूसर व्हायचं, ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझाच आवाज तुटायचा. चार-सहा दिवसांनी पुन्हा ठीक. जूनमध्ये पुन्हा तेच, तेव्हा खापर पावसावर फोडलं. तक्रार केली की ठरलेलं उत्तर, “साहेब, राऊटर बंद करून चालू करा.” एकदा मुलगा घरीही आला. त्याने फायबरची वायर काढून मीटर लावलं, उणे १९ डीबीएम. म्हणजे लाइन ठणठणीत. लाल दिवा नाही, वायर वाकलेली नाही. चहा पिऊन गेला.

धागा सापडला तो आईमुळे. एके दिवशी म्हणाली, “अरे, तुझं हे इंटरनेट आठ-नऊ तारखेलाच का रुसतं?” मेसेज उघडून पाहिले. मे, जून, जुलै, तिन्ही महिन्यांच्या तक्रारी ८ ते १३ तारखेतल्या. आमचं बिलाचं चक्र १४ तारखेला सुरू होतं. मी मात्र महिना १ तारखेपासून मोजत होतो, त्यामुळे ‘महिन्याच्या शेवटी डेटा संपला असेल’ हा विचार आठ तारखेला डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

मग ऑगस्टमध्ये नीट तपासणी केली. वाय-फाय बंद, लॅपटॉप थेट राऊटरला वायरने. रात्री ९ वाजता वेग १.९५. पहाटे ५ ला अलार्म लावून उठलो (बायकोने काय म्हटलं ते इथे लिहीत नाही), तेव्हाही १.९५. वेगवेगळ्या तीन सर्व्हरवर १.९४ ते १.९६, अपलोडही तेवढंच. गर्दीमुळे वेग पडतो तेव्हा तो रात्री पडतो आणि पहाटे सुधारतो, आकडाही वरखाली नाचतो. इथे जणू पट्टी लावून रेघ मारली होती. २ च्या जरा खालीच आकडा येतो, कारण डेटाच्या प्रत्येक पाकिटावरच्या पत्त्याबित्त्याचा भारही त्याच दोनात मोजला जातो.

आणखी एक खूण. चाचणी सुरू होताच पहिला सेकंदभर काटा ६०-७० पर्यंत उसळायचा आणि मग धाडकन खाली येऊन सपाट व्हायचा. वेग रोखणारी यंत्रणा थोडा डेटा एकदम जाऊ देते आणि मग नळ आवळते, त्याचा हा परिणाम. लाइनच खराब असती तर तो पहिला झटकाही मिळाला नसता. पिंगही तेच सांगत होतं. काही चालू नसताना ६ मिलिसेकंद, डाउनलोड लावलं की ३५० च्या वर. रस्ता चांगला, फक्त फाटक अरुंद. त्याच रात्री तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे, याच केबलवाल्याच्या कनेक्शनवर, ९० च्या वर वेग होता. इमारतीची लाइन दोषी असती तर तेही अडकले असते.

पण सपाट आकडा दिसला की लगेच मर्यादेवर शिक्का मारू नका. वायरमधली एखादी तार तुटली तरी गिगाबिटचं पोर्ट १०० वर येतं आणि वेग ९४ वर सपाट होतो. आकडा तुमच्या प्लॅनमध्ये लिहिलेल्या मर्यादेनंतरच्या वेगाशी जुळतोय का, हे बघायचं. आणि फक्त व्हिडिओच अडकत असेल, व्हीपीएन लावल्यावर तो सुरळीत चालत असेल, तर भानगड वेगळी आहे. महिन्याच्या मर्यादेला व्हीपीएनचं सोयरसुतक नसतं, त्यातून गेलेला बाइटही मोजला जातो.

खरं तर जुलैमध्येच मला हा संशय आला होता आणि तेव्हा मी सपशेल फसलो. १४ तारखेच्या मध्यरात्री जागून बसलो. १२ वाजून २० मिनिटांनी वेग तोच, १.९५. म्हणजे मर्यादेचा संबंध नाही, असं ठरवून झोपलो आणि एक महिना वाया घालवला. नंतर कळलं की आमच्या केबलवाल्याकडे वेग लॉगिनच्या वेळी ठरतो. राऊटर लॉगिन करतो तेव्हा त्यांची यंत्रणा ग्राहकाचा हिशेब बघून त्याला वेग देते, आणि ते सत्र चालू असेपर्यंत जुनाच वेग राहतो. सगळीकडे असं नसतं, काही कंपन्या चालू सत्रातही वेग बदलतात. पण आमच्याकडे नवीन चक्र लागल्यावर राऊटर एकदा बंद करून चालू करावाच लागतो. ऑगस्टमध्ये तसं केलं आणि दोन मिनिटांत ९४. ‘राऊटर बंद करून चालू करा’ हे उत्तर महिन्यातून एकदा बरोबर असतं म्हणायचं!

आता हजार जीबी गेले कुठे? केबलवाल्याच्या पोर्टलवर वापराचा आकडा दिसतो. रात्री ११ ला तो लिहून ठेवला, सकाळी ६ ला पुन्हा पाहिला. सगळे झोपेत असताना सात तासांत ४.८ जीबी. म्हणजे सतत साधारण दीड एमबीपीएस. घरात रात्रभर जागं असं एकच यंत्र, एप्रिलमध्ये आईच्या काळजीने दारावर लावलेला कॅमेरा. तो चोवीस तासांचं रेकॉर्डिंग क्लाउडवर चढवत होता. दिवसाला साडेसोळा जीबी, महिन्याला जवळजवळ पाचशे. निम्मा कोटा जिन्यातल्या मांजरांच्या चित्रीकरणावर. अपलोडही मर्यादेत धरलं जातं हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. घरातला बाकीचा वापर दिवसाला २३-२४ जीबी. दोन्ही मिळून चाळीस, आणि हजार भागिले चाळीस म्हणजे २५ दिवस. १४ तारखेपासून पंचविसावा दिवस मोजा, सात-आठ तारीख येते.

कोटा संपल्याचे मेसेजही आले होते म्हणे. आले होते, पण आईच्या नंबरवर, कारण अर्जावर तिचा नंबर होता. कर्जाच्या आणि साड्यांच्या सेलच्या जाहिरातींत ते गाडले गेले. नंबर बदलून घेतला.

सेवेबद्दल माझं मत मिश्र आहे. लाइन उत्तम, माणूस वेळेवर येतो. पण चार वेळा तक्रार केली आणि समोरच्या स्क्रीनवर माझा वापर दिसत असूनही एकानेही ‘तुमचा कोटा संपलाय’ असं म्हटलं नाही, हे मला अजून खुपतं. आणि जानेवारी २०२३ पासून सरकारी व्याख्येत ब्रॉडबँड म्हणजे किमान २ एमबीपीएस. माझं कनेक्शन सहा दिवस त्या उंबरठ्यावर १.९५ वर लटकत असायचं, त्याला ‘अनलिमिटेड’ म्हणायला जीभ कशी रेटते कोण जाणे.

कॅमेरा आता हालचाल झाली तरच रेकॉर्ड करतो, बाकी मेमरी कार्डवर. गेल्या चक्राचा शेवटचा आकडा ७८३ जीबी होता आणि १३ तारखेच्या रात्रीही ९४ मिळाले. प्लॅन सहा महिन्यांसाठी पुन्हा भरला आहे.