बाबांची बीपीची गोळी ब्रँडेडवरून जेनेरिकवर आणली, नऊ महिन्यांचा हिशोब

बाबांना टेल्मिसार्टन ४० आणि अम्लोडिपिन ५ अशी दोन्ही औषधं एकाच गोळीत असलेली ब्रँडेड गोळी बरीच वर्षं चालू होती. डॉक्टरांना विचारून जेनेरिक सुरू केली त्याला आता नऊ महिने झाले. खर्चाचा हिशोब मी आधी सरळ चुकीचा करत होतो, म्हणून तो नीट मांडतो.

मी फक्त डिस्काउंटचा टक्का बघायचो. ब्रँडेडवर १५ टक्के सूट मिळते म्हणून खूश होतो, पण त्याची स्ट्रिप १४ गोळ्यांची, म्हणजे दोन स्ट्रिप घेतल्या तरी २८ दिवसच भागतं आणि वर्षाला १२ नाही, १३ वेळा खरेदी होते. दोन स्ट्रिपची छापील किंमत १०० धरली तर सूट जाऊन ८५, आणि ३० दिवसांचा खर्च ९१ येतो. म्हणजे महिन्याला ८५ धरत होतो त्यापेक्षा ६ जास्तच! त्यात ऑनलाइन ऑर्डर ठराविक रकमेच्या वर गेली तरच कूपन लागायचं, मग उगाच काहीतरी टाकून बिल वाढवायचं.

जेनेरिकमध्ये दोन पर्याय मिळाले. पहिली तीच एकत्र गोळी, दुसऱ्या कंपनीची, १० च्या तीन स्ट्रिप, छापील किंमत ९० पण ६० टक्के सूट, म्हणजे महिन्याला ३६. दुसरा पर्याय दोन वेगळ्या साध्या गोळ्या, दोघींची मिळून छापील किंमतच ३० आणि सूट १० टक्के, म्हणजे २७. म्हणजे बघा, ६० टक्केवाली महाग आणि १० टक्केवाली स्वस्त. मेडिकलवाल्याला आता मी एवढंच विचारतो की एक गोळी शेवटी कितीला पडली, आणि त्याला ३० ने गुणतो.

तरी आम्ही २७ वाली नाही, ३६ वालीच ठेवली. दोन गोळ्या असल्या की बाबा एक घेतात आणि दुसरी राहते, महिनाभर करून बघितलं, महिनाअखेरीस अम्लोडिपिनच्या पाच गोळ्या उरल्या. ती बचत मला नको.

आता बीपीचं. बदलायच्या आधी सात दिवस सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसवून, दोन-दोन रीडिंग घेतली, पहिला दिवस सोडून सरासरी १३२/८१. बदलल्यावर चौथ्या दिवशी १४६ आलं आणि घरात लगेच "बघ, स्वस्त औषध" सुरू झालं. पण तेवढ्यावरून काही ठरत नाही, एखादं रीडिंग असं वरखाली होतंच आणि टेल्मिसार्टनचा पूर्ण परिणाम दिसायला साधारण चार आठवडे लागतात, म्हणून चार आठवडे थांबून परत तसंच सात दिवस मोजलं, १३१/८२. फरक नाहीच म्हणायचा. ही एकत्र गोळीच चालू असतानाची रीडिंग आहेत, दोन गोळ्यांचा प्रयोग नंतर केला.

खरा घोटाळा औषधाने नाही, गोळीच्या दिसण्याने झाला. पाचव्या महिन्यात दुकानात नेहमीची कंपनी नव्हती, दुसरीची दिली, रंग आणि आकार दोन्ही वेगळे. ड्रॉवरमध्ये जुन्या ब्रँडेडची अर्धी स्ट्रिप पडलेली होती, बाबांना वाटलं नवीन गोळी जास्तीची दिलीय, आणि तीन दिवस दोन्ही घेतल्या. चौथ्या दिवशी सकाळी पलंगावरून उठताना चक्कर, मीटर लावला तर ९८/६०. मी घाबरलोच. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी त्या दिवशीची गोळी थांबवायला सांगितली, दुसऱ्या दिवशी ठीक झालं. तेव्हापासून नवीन स्ट्रिप आली की मी मागचं औषधाचं नाव आणि मिलीग्राम जुन्या स्ट्रिपशी अक्षर न अक्षर जुळवतो, आणि जुनी संपेपर्यंत नवीन बाहेरच काढत नाही. नावापुढची अक्षरंही बघा, आम्हाला एकदा एएमच्या जागी एचवाली दिली होती, ती अम्लोडिपिन नाही, लघवी वाढवणारं औषध असलेली होती, काउंटरवरच परत केली.

अजून एक, आठवड्याच्या डबीत गोळ्या काढून ठेवायची सवय असेल तर टेल्मिसार्टनसाठी ती सोडा. ही गोळी दमट हवेत ओल धरते, मऊ पडते, ब्रँडेड असो की जेनेरिक. घेतानाच स्ट्रिपमधून काढायची. आम्ही स्ट्रिपवरच पेनाने वार लिहितो, कुठला दिवस राहिला तेही लगेच कळतं.

सध्या दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम, एकाच कंपनीच्या आणि एकाच बॅचच्या घेतो, म्हणजे रंग मध्येच बदलत नाही. त्याहून जास्त साठा करत नाही कारण डॉक्टर डोस बदलतात, आणि कापलेली स्ट्रिप मेडिकलवाला परत घेत नाही.