वर ‘१६ अँपिअर’, आत केसाएवढी तार: गणेशोत्सवाच्या रोषणाईत एका मंडळाची झालेली फसवणूक

मंडळाने बाजारातून ३० मीटरचा गुंडाळीचा एक्स्टेन्शन बोर्ड घेतला. त्यावर ठळक अक्षरांत ‘१६ अँपिअर, ३००० वॅट, शुद्ध तांबे’ असं छापलेलं होतं. सोबत ‘वॉटरप्रूफ’ म्हणून एलईडीच्या २० माळा घेतल्या. दुकानदाराने बिल दिलं ते कोऱ्या चिठ्ठीवर. दुसऱ्या रात्री गुंडाळीच्या आत वायरचं प्लास्टिक वितळून वेढे एकमेकांना चिकटले. जळका वास आला म्हणून वेळीच प्लग काढला गेला, नाहीतर शेजारीच मंडपाचं कापड होतं.

माळांचा यात फारसा दोष नव्हता. एक माळ साधारण ८ वॅटची, म्हणजे २० माळांचे १६० वॅट. हा भार एक अँपिअरही होत नाही. पण त्याच बोर्डावर ५०० वॅटचे दोन हॅलोजन आणि ३०० वॅटचा अँप्लिफायर लावला होता. सगळे मिळून १४६० वॅट झाले. २३० व्होल्टने भागलं की साडेसहा अँपिअरच्या आत. खऱ्या १६ अँपिअरच्या बोर्डाने हे सहज पेललं असतं.

वायर कापून पाहिली तेव्हा फसवणूक कळली. बाहेरचं प्लास्टिक जाड, म्हणून वायर भरीव वाटत होती. आतल्या तारा मात्र जेमतेम अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या, आणि त्याही अ‍ॅल्युमिनियमच्या, वरून तांब्याचा मुलामा दिलेल्या. अशा वायरचा रोध त्याच जाडीच्या तांब्याच्या दीडपट असतो. ३० मीटर जाऊन-येऊन ६० मीटर होतात. हिशेब केला तर एवढ्या भाराला नुसत्या वायरमध्येच १४० वॅटच्या आसपास उष्णता तयार होते. तीच वायर दीड चौरस मिलिमीटर तांब्याची असती तर हा आकडा ३०-३५ वॅटवर राहिला असता. त्यात अर्धी वायर गुंडाळीतच ठेवलेली, उष्णता जाणार कुठे? बोर्ड अस्सल असला तरी गुंडाळी पूर्ण सोडूनच वापरायची, ती याचसाठी.

‘एमसीबी का पडला नाही?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. तो १६ अँपिअरचा होता आणि प्रवाह त्याच्या निम्म्याहून कमी. एमसीबी भिंतीतल्या वायरिंगच्या मापाने बसवलेला असतो. पुढे तुम्ही किती बारीक वायर जोडली हे त्याला कळत नाही.

ओळखायचं कसं? प्लग उघडता येईल असाच बोर्ड घ्या. दुकानातच प्लगचा स्क्रू काढायला सांगा आणि एका तारेवर ब्लेडची धार ओढा. आत पांढरी चकाकी दिसली तर ते तांबं नाही. खरं तांबं आतपर्यंत लालसरच असतं. वायरवर चौरस मिलिमीटरमध्ये माप छापलेलं आहे का तेही बघा, ०.७५ असेल तर ६ अँपिअरच्या पुढे जाऊ नका. आयएसआय चिन्ह तर कोणीही छापतो. त्याच्याजवळचा CM/L ने सुरू होणारा क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकला की परवाना कोणाचा आणि कशाचा ते लगेच कळतं.

आता माळांकडे. ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द फक्त खोक्यावर होता. नुसत्या एलईडीवर प्लास्टिकची टोपी असून भागत नाही. पाणी शिरतं ते सांध्यात आणि रंग बदलणाऱ्या डबीत. या डब्यांचं झाकण नखाने उघडत होतं, आत रबर नाही. स्वस्त माळांना ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यामुळे एलईडी असली तरी प्रत्येक सांध्यावर २३० व्होल्टचा धोका असतो. दोन पिनांचा प्लग उलटासुलटा कसाही बसतो, म्हणून डबीवरच्या बटणाने माळ विझली तरी ती जिवंत असू शकते. माळेला हात लावण्याआधी प्लगच काढा.

भाद्रपदात पाऊस धरूनच चालायचं. माळ पाणी किती रोखते ते आयपी क्रमांकावरून कळतं: बाहेरच्या माळेवर निदान आयपी ४४ हवं, उघड्या गच्चीवर आयपी ६५. डबी आणि बोर्ड छपराखाली, जमिनीपासून उंच ठेवा. प्लगकडे येणारी वायर आधी खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी ठिबकतं, प्लगमध्ये उतरत नाही. लोखंडी पाइपला माळ तारेने कधीच बांधू नका. साल कापली गेली की अख्खा पाइप जिवंत होतो. आणि सुरुवातीलाच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवा. तो सारखा पडत असेल तर बाजूला काढून जोडणी सरळ करू नका. सगळे प्लग काढून एकेक माळ लावत जा. जिच्यावर तो पडेल, ती भिजलेली.

त्या मंडळाला पैसे परत मिळाले नाहीत, कारण चिठ्ठीवर ना दुकानाचं नाव होतं ना जीएसटी क्रमांक. पक्कं बिल आणि खोकं उत्सव संपेपर्यंत जपून ठेवा. दुकानदाराने हात वर केले तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवताना तेच कामी येतं.