क्लासमधला एकच ॲक्सेस पॉइंट: सात महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या क्लासमध्ये दिवसाला तीन बॅचेस होतात, आणि प्रत्येक बॅचला साठ-सत्तर मोबाईल-टॅब वायफायवर येतात. सात महिन्यांपूर्वी ड्युअल बँड ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पुरवणारं यंत्र, घेतला आणि त्यावर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त प्रणाली चढवली. जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला नेटवर्कवरचा आयपी पत्ता वाटायचं कामही तोच करतो. खोक्यावर क्षमता २०० उपकरणांची लिहिलेली होती. आपल्याला सत्तरच लागतात, म्हणजे प्रश्नच नाही, असं वाटलं होतं.

पहिल्याच आठवड्यात दुपारी चारच्या बॅचची तक्रार आली. सुरुवातीला आलेल्या सात-आठ मुलांचं नेट व्यवस्थित चालायचं. बाकीच्यांचे फोन आयपी पत्ता मागत बसायचे आणि शेवटी नेटवर्क सोडून द्यायचे. सकाळच्या बॅचना असा त्रास कधीच झाला नाही. मी दोन दिवस सिग्नल आणि चॅनेल बदलत बसलो, ते वाया गेले. खरी गोष्ट लॉगमध्ये स्वच्छ लिहिलेली होती: `no address available`.

ओपनडब्ल्यूआरटी मूळ सेटिंगमध्ये १५० पत्ते वाटतं आणि प्रत्येक पत्ता १२ तासांसाठी देतं. सकाळी सातच्या बॅचची ६६ उपकरणं, साडेदहाच्या बॅचची ७०, शिवाय ऑफिसमधली ६, असे १४२ पत्ते चार वाजायच्या आतच गेलेले असायचे. सातच्या बॅचची मुलं नऊला घरी जातात, पण त्यांचे पत्ते संध्याकाळी सातपर्यंत अडकलेले. चारच्या बॅचसाठी उरले आठ. म्हणजे त्या क्षणी हवेत उपकरणं सत्तरच असली, तरी पत्त्यांच्या नोंदवहीत दीडशेंची नोंद होती. हे दोन्ही आकडे वेगवेगळे पाहावे लागतात:

```
iw dev phy1-ap0 station dump | grep -c Station
wc -l < /tmp/dhcp.leases
```

पहिली ओळ आत्ता जोडलेली उपकरणं मोजते. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झचे रेडिओ वेगळे असल्यामुळे ती दोन्ही नावांनी चालवून बेरीज करायची. नावं `iw dev` ने दिसतात. दुसरी ओळ दिलेले पत्ते मोजते. उपाय तीन ओळींचा निघाला:

```
uci set dhcp.lan.leasetime='1h'
uci commit dhcp
service dnsmasq restart
```

आता नऊला गेलेल्या फोनचा पत्ता जास्तीत जास्त दहापर्यंत मोकळा होतो. बसलेल्या मुलांना काही जाणवत नाही, कारण निम्मी मुदत झाली की फोन स्वतःच नूतनीकरण करतो. मात्र आधी दिलेल्या पत्त्यांची जुनी मुदत तशीच राहते, त्यामुळे फरक मला दुसऱ्या दिवशी दिसला. तेव्हापासून दुसरा आकडा ऐंशीच्या वर गेलेला नाही.

पत्त्यांचा प्रश्न मिटला, तरी ऑनलाइन चाचणीच्या दिवशी सगळं थांबायचं. एरवी सत्तरपैकी बहुतेक फोन खिशात गप्प असतात. चाचणीला पन्नास मुलं एकाच मिनिटाला आकृत्यांसह ३ एमबीचा पेपर उघडतात. एका चॅनेलवर एका वेळी एकच बोलू शकतो, त्यामुळे प्रत्येकाचा वेग किती यापेक्षा प्रत्येक जण हवेतला किती वेळ खातो हे मोजायला हवं. `station dump` मध्ये `tx bitrate`, म्हणजे ॲक्सेस पॉइंटकडून त्या उपकरणाकडे जाणारा वेग, दिसतो. पुढच्या बाकांवर तो सेकंदाला ७२ मेगाबिटच्या आसपास होता, तर मागच्या रांगेतल्या पाच जणांकडे ६.५. जोडणीचा खर्च धरून माझा हिशेब असा: पुढच्याला पेपर उतरवायला साधारण अर्धा सेकंद, मागच्याला साडेचार. म्हणजे पुढचे ४५ जण मिळून जेवढा वेळ घेतात, तेवढाच मागचे पाच घेतात.

म्हणून ॲक्सेस पॉइंट ऑफिसच्या भिंतीआडून काढून वर्गाच्या मधोमध, उंचावर लावला. मागच्या रांगेचा आकडा पन्नासच्या वर गेला. माझ्या मते सात महिन्यांत सर्वात जास्त फायदा या एका बदलाचा झाला. पेपरही आता रांगेनुसार थोड्या अंतराने खुला करतो.

एक प्रयोग मात्र फसला. गर्दी आवरावी म्हणून `maxassoc` ने प्रत्येक रेडिओवर ३० उपकरणांची मर्यादा घातली. खिशातले झोपलेले फोन जागा धरून बसले आणि चाचणी द्यायला आलेल्या मुलीचा टॅब बाहेर राहिला. ती रडवेली झाली होती, आणि चूक माझ्या सेटिंगची होती. त्याच दिवशी मर्यादा काढली.

यंत्राबद्दल म्हणाल तर सात महिन्यांत एकदाही बंद पडलेलं नाही. एका वर्गात पन्नास जणांची चाचणी, वाचन, पीडीएफ यांना ते पुरतं. पण सगळ्यांनी एकाच वेळी व्हिडिओ लावला तर पुरत नाही, हे मी दोनदा पाहिलं. त्यामुळे शेजारच्या वर्गासाठी दुसरा ॲक्सेस पॉइंट घेतो आहे, आणि तो पहिल्यापेक्षा वेगळ्या चॅनेलवर लावणार आहे.