मोठी एक्सेल फाइल: थेट वनड्राइव्हवरून उघडावी की संगणकावर प्रत घ्यावी?

आमच्या दूध संस्थेत सुमारे 1,500 उत्पादक आहेत. संकलन सकाळ-संध्याकाळ असं दोनदा होतं आणि लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम असं सगळं एकाच एक्सेल फाइलीत जातं. 180 दिवसांच्या 5,40,000 ओळी झाल्या तेव्हा फाइल 120 एमबीची झाली होती. ती वनड्राइव्हच्या सामायिक फोल्डरमध्ये असायची. दर दहा दिवसांनी बिलं काढायला बसलं की फाइल उघडेपर्यंत चहा होऊन जायचा, आणि उघडल्यावरही प्रत्येक बदलानंतर ती अडखळायची. तेव्हा आम्ही दोन्ही पद्धती घड्याळ लावून मोजल्या.

आधी वेळ कुठे जातो ते पाहू. .xlsx फाइल म्हणजे आतून एक झिप गठ्ठा असतो. फाइलीची एक प्रत घेऊन तिचं नाव .zip केलं की आतल्या पानांच्या एक्सएमएल फाइली दिसतात. एक्सेलला तुम्ही पाहणार असलेल्या पन्नास ओळींपुरता तुकडा आणून भागत नाही. गठ्ठा पूर्ण यावा लागतो, मग तो सुटतो, प्रत्येक सेल वाचला जातो आणि स्मृतीत मांडला जातो. थोडक्यात, वेळेचे दोन भाग आहेत: आणण्याचा आणि वाचण्याचा. स्वतःच्या संगणकावर प्रत घेतली तर टळतो तो फक्त पहिला भाग.

तो किती, हे साध्या गुणाकाराने कळतं. नेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइल मेगाबाइटमध्ये असते, म्हणून आठाने गुणायचं. 120 एमबी म्हणजे 960 मेगाबिट. कार्यालयात 40 एमबीपीएस मिळालं तर 24 सेकंद. घरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर 8 एमबीपीएस मिळालं तर पूर्ण 2 मिनिटं. आमची फाइल संगणकावरच्या प्रतीतून उघडायला 55 सेकंद लागले. म्हणजे कार्यालयातला निम्म्याहून जास्त वेळ नेटचा नव्हताच, घरी मात्र बहुतेक वेळ नेटचाच होता. तुमच्याकडे काय आहे हे ठरवायला हीच चाचणी पुरे: प्रत घ्या, दोन्ही उघडून वेळ मोजा, वजाबाकी करा. फरक दहा-वीस सेकंदांचाच निघाला तर दोष फाइलीत आहे, ढगात म्हणजे वनड्राइव्हवर नाही.

उघडण्यापेक्षा मला जास्त त्रास व्हायचा तो काम करताना. ढगातल्या फाइलीवर AutoSave चालू असतं, म्हणजे दर थोड्या सेकंदांनी जतन होतं. शिवाय दुसऱ्या कोणी काही बदललंय का, हेही एक्सेल सर्व्हरला विचारत राहतं. छोट्या फाइलीत हे जाणवत नाही. पाच लाख ओळींत एक सूत्र खाली ओढलं की गणित आणि जतन एकाच वेळी सुरू होतं आणि पडदा गोठतो. यात दुसरा धोका आहे तो चूक होण्याचा. नुसतं पाहायला म्हणून लावलेला सॉर्टही सगळ्यांच्या मूळ फाइलीत जातो.

आता इथे बहुतेकजण फसतात, मीही फसलो होतो. वनड्राइव्हच्या फोल्डरवर उजवी कळ दाबून Always keep on this device निवडलं की हिरवं भरीव वर्तुळ येतं आणि वाटतं, झाली स्थानिक प्रत. फाइल डिस्कवर उतरते हे खरं, आणि निळ्या ढगाचं चिन्ह असलेल्या फाइलीपेक्षा ती नक्कीच लवकर उघडते. पण एक्सेल तिला अजूनही ढगातली फाइल मानतं. खात्री करायची तर कुठल्याही रिकाम्या सेलमध्ये हे टाका:

```
=CELL("filename",A1)
```

उत्तर https ने सुरू झालं तर काम सर्व्हरशी जोडूनच चाललं आहे. C:\ ने सुरू झालं तरच प्रत खरी स्थानिक. ही गोष्ट डेस्कटॉपलाही लागू आहे. बऱ्याच संगणकांवर Desktop आणि Documents हे फोल्डर वनड्राइव्हच्या बॅकअपमध्ये असतात, त्यामुळे डेस्कटॉपवर ठेवलेली प्रतही ढगातच जाते. म्हणून मी सरळ C:\DudhBill असा वेगळा फोल्डर केला.

प्रत घेताना फाइल माउसने ओढू नका. एकाच ड्राइव्हवर ओढलं की विंडोज प्रत करत नाही, फाइल हलवतं, आणि सामायिक फोल्डरमधून ती सगळ्यांसाठीच नाहीशी होते. Ctrl+C आणि Ctrl+V वापरा. त्याआधी फाइल सगळीकडे बंद आहे आणि वनड्राइव्हचं सिंक संपलं आहे, हे पाहा. दरपत्रकासारखी दुसरी फाइल हिला जोडलेली असेल तर दोन्ही एकत्र उचला, नाहीतर उघडताना दुवे जुन्या जागी शोधले जातील.

स्थानिक प्रतीची किंमत परत ठेवताना चुकवावी लागते. त्याच नावाने फाइल परत टाकली की वनड्राइव्ह तिची नवी आवृत्ती करतं आणि जुनी Version history मध्ये राहते, एवढा आधार आहे. पण तुम्ही काम करत असताना संकलन केंद्रावरच्या कोणी तासाभरात चाळीस नोंदी केल्या असतील तर त्या तुमच्या फाइलीखाली गाडल्या जातात आणि कुठलीही सूचना येत नाही. आमच्याकडे एकदा असं झालं. संध्याकाळचं एका गावाचं संकलन बिलात आलंच नाही आणि उत्पादक विचारायला आले तेव्हा कळलं. तेव्हापासून प्रत घेताना मूळ फाइलीची बदलाची वेळ कागदावर लिहितो आणि परत ठेवण्याआधी तीच वेळ आहे का हे पाहतो. शिवाय स्थानिक फाइलीला AutoSave नसतं. वीज गेली तर AutoRecover वर अवलंबून राहावं लागतं, आणि ते मुळात दर 10 मिनिटांनी चालतं. Ctrl+S ची सवय लागते.

म्हणून दोघं-तिघं एकाच वेळी नोंदी करत असतील तर वेळ सोसून ढगातच राहावं, असं माझं ठाम मत आहे. एकटा माणूस बसून पिव्होट, पडताळणी, बिलं काढत असेल तर स्थानिक प्रत घ्यावी, आणि हॉटस्पॉटवर असेल तर दुसरा विचारही करू नये.

दोन्हीकडे फाइल सारखीच रेंगाळत असेल तर Ctrl+End दाबा. कर्सर शेवटच्या नोंदीच्या कितीतरी खाली गेला तर रिकाम्या ओळींचं स्वरूपण फाइल फुगवतंय, त्या ओळी काढून जतन करा. TODAY, OFFSET, INDIRECT ही सूत्रं फाइल उघडताना आणि प्रत्येक बदलावर पुन्हा मोजली जातात, हेही तपासा. फाइल .xlsb स्वरूपात जतन केली तर एक्सएमएल वाचण्याचा खटाटोप वाचतो. ती सहसा लहान होते आणि दोन्ही ठिकाणी लवकर उघडते.

आमच्याकडे शेवटी फाइलच दोन केल्या. चालू दहा दिवसांच्या 30,000 ओळी ढगात राहतात, तिथे केंद्रावरची सगळी माणसं एकदम लिहितात. बिल निघालं की त्या ओळी मी C:\DudhBill मधल्या मोठ्या फाइलीत जोडतो आणि त्या फाइलीची एक प्रत त्याच संध्याकाळी तारखेच्या नावाने ढगात ठेवतो, जी कोणी उघडत नाही.