लेअर-टूवरचं ईथर मेननेटवर: सात दिवस थांबायचं की शुल्क मोजायचं?

ऑप्टिमिझम, बेस आणि आर्बिट्रम या लेअर-टू, म्हणजे इथेरियमच्या आधारावर चालणाऱ्या वेगळ्या साखळ्या. तिथून ईथर इथेरियमच्या मुख्य साखळीवर, म्हणजे मेननेटवर न्यायचं तर ब्रिज लागतो, म्हणजे एका साखळीवरून दुसरीवर पैसे नेणारी सोय. वाटा दोन आहेत: त्या साखळीचा अधिकृत ब्रिज, नाहीतर खासगी भांडवलावर चालणारा जलद ब्रिज.

अधिकृत ब्रिजला आठवडा लागतो तो नेटवर्क हळू आहे म्हणून नाही. इथेरियम या साखळ्यांवरचे व्यवहार स्वतः पुन्हा चालवून बघत नाही. लेअर-टूने मांडलेला हिशेब खरा धरतं आणि तो खोटा असल्याचं सिद्ध करायला कुणालाही मुदत देतं. हाच चॅलेंज पिरियड. तो तासाभराचा का नाही? हल्लेखोराने आव्हान देणाऱ्याचे व्यवहार काही दिवस ब्लॉकबाहेर अडवून ठेवले, तरी त्याला दाद मागायला वेळ उरला पाहिजे. माझ्या मते ही मुदत वाजवी आहे.

ऑप्टिमिझम आणि बेसवर मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या. तिथे तीन पायऱ्या आहेत. आधी लेअर-टूवर पैसे काढायची विनंती, मग साधारण तासाभराने इथेरियमवर तिचा पुरावा, म्हणजे ‘प्रूव्ह’, आणि शेवटी ‘फायनलाइझ’, म्हणजे पैसे प्रत्यक्ष ताब्यात घेणं. सात दिवस मोजले जातात ते पुरावा दिल्यापासून. सोमवारी विनंती केली आणि प्रूव्ह करायचं गुरुवारपर्यंत राहून गेलं, तर पैसे पुढच्या सोमवारी नाही, पुढच्या गुरुवारी मिळतील. ज्या हिशेबावर पुरावा दिला तोच रद्द ठरला, तर पुरावा पुन्हा द्यावा लागतो आणि मुदतही नव्याने सुरू होते. आर्बिट्रमवर प्रूव्हची पायरी नाही. साडेसहा-सात दिवसांनी थेट क्लेम करायचा. शेवटची पायरी कुठेच आपोआप होत नाही. उशीर झाला तरी पैसे बुडत नाहीत, पण इथेरियमवर गॅसपुरतं, म्हणजे व्यवहाराच्या नेटवर्क शुल्कापुरतं ईथर आधीपासून हवं.

जलद ब्रिजवर कुणीतरी स्वतःचं ईथर तुम्हाला इथेरियमवर लगेच देतो आणि लेअर-टूवरचं तुमचं घेतो. थांबण्याची जोखीम त्याच्या गळ्यात, म्हणून तो शुल्क घेतो. काम बहुधा मिनिटांत होतं. बदल्यात त्या ब्रिजच्या कॉन्ट्रॅक्टवरही, म्हणजे साखळीवर चालणाऱ्या त्याच्या प्रोग्रॅमवरही भरवसा ठेवावा लागतो.

निवड ठरते ती रकमेवर. अधिकृत वाटेचा गॅस रक्कम कितीही असो, जवळपास तेवढाच. जलद वाटेचं शुल्क बहुतांशी टक्केवारीत असतं. समजा ते ०.१ टक्का आहे: ०.२ ईथरवर ०.०००२ ईथर, पण २० ईथरवर ०.०२. छोट्या रकमेला मी बिनदिक्कत जलद ब्रिज सुचवेन. मोठी रक्कम असेल आणि घाई नसेल तर अधिकृत. फारसा न चालणारा टोकन असेल तर प्रश्नच मिटला, कारण जलद ब्रिजवर त्याची तरलता बहुधा नसतेच.

सही करण्याआधी जलद ब्रिजवर ‘मिळणारी रक्कम’ बघा. ती अपेक्षेपेक्षा बरीच कमी दिसली, तर त्या वेळी तिथे भांडवल अपुरं आहे असं समजा आणि रक्कम कमी करून पुन्हा भाव बघा.