अकोटियामाइड बरेच महिने घेतल्यावर: चार घासात पोट भरणं, फुगणं आणि ढेकर, यातलं काय गेलं काय राहिलं

अर्धी भाकरी खाल्ली की पोट गच्च, वरचं पोट ताणून येतं, मग संध्याकाळपर्यंत ढेकरावर ढेकर, आणि एंडोस्कोपी सोनोग्राफी सगळं नॉर्मल, असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी लिहितेय. अकोटियामाइडची गोळी मी बरेच महिने घेतली, १०० मिग्रॅ, दिवसातून तीनदा जेवणाच्या आधी. फायदा झाला, पण सगळ्या त्रासाला नाही. आणि कुठला त्रास गेला नि कुठला राहिला हे नीट पाहिलं की ही गोळी नक्की काय करते ते पण कळतं.

माझं सुरू झालं जुलाब-उलट्यांच्या एका आजारपणानंतर. तो आजार लगेच बरा झाला पण जेवण काही पूर्वीसारखं जाईना. दुपारी एक वाटी उसळ नि अर्धी भाकरी घेतली तर चौथ्या पाचव्या घासाला आता बास वाटायचं, आणि एक वाजता जेवलेलं पाच वाजले तरी तसंच बसलंय असं वाटायचं. जळजळ अजिबात नाही, दुखणं पण नाही. आधी ॲसिडिटीच्या गोळ्या मिळाल्या त्याने काही फरक पडला नाही, आणि आता कळतं की पडणार पण नव्हता, कारण त्या गोळ्या ॲसिड कमी करतात आणि माझा प्रश्न ॲसिडचा नव्हताच, पोट रिकामं व्हायचा होता. दुसऱ्या डॉक्टरांनी शुगर, थायरॉईड, एच पायलोरी तपासलं, एंडोस्कोपी झाली, काही सापडलं नाही. मग त्यांनी फंक्शनल डिस्पेप्सिया सांगितलं, म्हणजे तपासण्या नॉर्मल पण पोटाचं काम बिघडलेलं, त्यातला जेवणानंतर त्रास होणारा प्रकार.

डॉक्टरांनी कागदावर पोटाचं चित्र काढून समजावलं ते इथे सांगते कारण माझ्या डोक्यात तिथेच प्रकाश पडला. पोटाचे दोन भाग वेगवेगळी कामं करतात. वरचा भाग जेवण यायला लागलं की सैल होऊन जागा करून देतो. खालचा भाग जात्यासारखा दळतो, आणि घन अन्न साधारण एक-दोन मिलिमीटरच्या कणांएवढं बारीक झालं तरच ते दारातून पुढे आतड्यात जातं, मोठे तुकडे परत मागे ढकलले जातात. वरचा भाग सैल झाला नाही तर थोड्याशा अन्नानेही ताण बसतो आणि चार घासात पोट भरतं. खालचा भाग मंद चालला तर अन्न रेंगाळतं, तासन् तास जड वाटतं, आणि पुढचं जेवण आधीच्या शिल्लक जेवणावर जाऊन पडतं. अशा ताणलेल्या पोटात जेवताना गिळलेली हवा पण साठते, ती सोडायला पोट वरची झडप उघडतं आणि ढेकर येतो.

माझी पोट रिकामं होण्याची स्कॅन झाली. अगदी थोडं किरणोत्सारी औषध मिसळलेलं अंड्याचं पांढरं, ब्रेड, जॅम आणि पाणी देतात आणि चार तासांपर्यंत मधे मधे फोटो काढतात. चार तासांनी १० टक्क्यांपेक्षा जास्त अन्न उरलं तर पोट मंद धरतात, माझं १४ टक्के होतं. म्हणजे मंद, पण थोडंसंच. अंडं खात नसाल तर आधीच विचारा, दुसरं खाणं दिलं तर हा १० टक्क्यांचा आकडा तसाच्या तसा लागू होत नाही. आणि पोटाला चालना देणारी काही गोळी चालू असेल तर दोनेक दिवस आधी डॉक्टरांना विचारून बंद करावी लागते नाहीतर रिपोर्ट फसवा येतो. अजून एक, हा त्रास असलेल्या सगळ्यांचं पोट मंद नसतं, साधारण पाव ते एक तृतीयांश लोकांचंच असतं, बाकीच्यांत वरचा भाग सैल न होणं किंवा पोटाच्या नसा जास्त संवेदनशील असणं हे कारण असतं. त्यामुळे स्कॅन नॉर्मल आली म्हणजे त्रास मनाचाच असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

आता गोळी. पोटाच्या स्नायूंना हलायला सांगणारं रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. ते किती सोडायचं यावर नसांचा स्वतःचाच एक ब्रेक असतो, ही गोळी तो ब्रेक सोडवते, आणि सुटलेलं रसायन मोडून टाकणाऱ्या एन्झाईमला पण अडवते. जपानमध्ये २०१३ पासून वापरात आहे. तिथल्या मोठ्या चाचणीत चार आठवड्यांनी ही गोळी घेणाऱ्या ५२ टक्के लोकांना बरं वाटलं आणि नुसती साखरेसारखी खोटी गोळी घेणाऱ्या ३५ टक्क्यांना. जडपणा, फुगणं, लवकर पोट भरणं हे तिन्ही पूर्ण गेलेले मात्र १५ टक्के, खोट्या गोळीवर ९. म्हणून जादूची अपेक्षा ठेवू नका, पण या त्रासात १७ टक्क्यांचा फरक मला तरी कमी वाटत नाही.

मला पहिले दोन आठवडे काहीच जाणवलं नाही उलट सुरुवातीला शौचाला थोडं पातळ झालं, डोकं पण दुखायचं, ते आपोआप थांबलं. महिन्याच्या आसपास दुपारचा जडपणा लवकर उतरायला लागला आणि मग हळूहळू एक भाकरी जायला लागली. जेवणाची रचना पण बदलली कारण गोळी एकटी पुरत नाही. तेल-तूप पोटाचं दार सावकाश उघडायला लावतं, म्हणून तळण नि साबुदाण्याची तुपातली खिचडी बंद, दोन मोठ्या जेवणांऐवजी चार छोटी. उसळ घोटून, मेथीची भाजी बारीक चिरून, कारण लांब चिवट धागे दळायला वेळ लागतो. पातळ पदार्थ पोटातून भरभर पुढे जातात त्यामुळे संध्याकाळी डाळीचं सूप किंवा पातळसर मऊ खिचडी मला सगळ्यात चांगली मानवते.

ढेकरांचं मात्र निम्मंच काम झालं. जेवणानंतरचे मोठे ढेकर कमी झाले पण ऑफिसमध्ये लागोपाठ येणारे छोटे ढेकर तसेच राहिले, मिनिटाला पाच-सहा सुद्धा. ते पोटातून येतच नव्हते. हवा घशातून अन्ननलिकेत ओढली जाते आणि पोटात पोचायच्या आतच परत बाहेर येते, सवयीने, आपल्याला कळत पण नाही. ओळखायची खूण सोपी आहे, झोपेत ते पूर्ण बंद असतात आणि कुणाशी गप्पांत रंगलं की कमी होतात. याला ही गोळी लागू पडत नाही. मला तोंड किंचित उघडं, जीभ वरच्या दातांच्या मागे आणि पोटाने सावकाश श्वास, असं शिकवलं. तोंड उघडं असलं की हवा ओढणं अवघड जातं. ढेकर येणार वाटलं की लगेच हेच करायचं, आणि हे जमायला गोळीपेक्षाही जास्त दिवस लागले.

वजन उतरत असेल, वारंवार उलटी, गिळताना अडकणं, काळी शौच, रक्त कमी, किंवा वय झाल्यावर पहिल्यांदाच हा त्रास सुरू झाला असेल तर आधी एंडोस्कोपी, गोळी नंतर. डायबिटीस असेल किंवा वजन कमी करायची इंजेक्शनं चालू असतील तर ते डॉक्टरांना नक्की सांगा, दोन्हींमुळे पोट मंद होऊ शकतं. आणि दुकानातून स्वतःच्या मनाने लेव्होसल्पिराइड असलेली गोळी घेऊन महिनोन् महिने खाऊ नका, त्याने प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढून पाळी बिघडू शकते, छातीतून दूध येऊ शकतं, काहींचे हात कापायला लागतात.

सध्या डॉक्टरांनी गोळी थांबवून बघितलीये. थोडा जडपणा परत आलाय पण पूर्वीइतका नाही, एक भाकरी जाते. अजून वाढला तर काही आठवडे परत चालू करायची असं ठरलंय.