बरे झाल्यावर पुन्हा चाचणी: पीसीआरची सीटी व्हॅल्यू की अँटिजेन?

ताप उतरलाय, खोकलाही जवळजवळ गेलाय. आता माणसांत मिसळायला हरकत नाही ना, एवढंच ठरवायचं उरलंय. त्यासाठी पुन्हा पीसीआर करून सीटी व्हॅल्यू, म्हणजे विषाणूचा सिग्नल दिसायला चाचणीला किती फेऱ्या लागल्या तो आकडा, बघता येते किंवा साधी अँटिजेन चाचणी करता येते. कोविडनंतर मी दोन्ही करून पाहिल्या. निदानाला पीसीआरच चांगली, त्यात वाद नाही. मी बोलतोय ते फक्त बाहेर पडण्याच्या निर्णयाबद्दल.

पीसीआर अख्खा विषाणू शोधत नाही, त्याच्या आरएनएचा एक ठरावीक तुकडा शोधते. कोरोना विषाणूचा जनुकीय मजकूर सुमारे 30,000 अक्षरांचा असतो आणि चाचणीला त्यातली शंभर-दीडशे सलग मिळाली की पुरतं. जाड ग्रंथाच्या चिंध्या झाल्या तरी एक पान हाती लागलं म्हणून ग्रंथ शाबूत धरावा, तसा हा प्रकार. बरे होताना प्रतिपिंडं विषाणूला निकामी करतात, बाधित पेशी मरतात, पण त्यातला काही आरएनए प्रथिनांच्या वेष्टनात टिकून राहतो आणि नाका-घशाचं अस्तर झडेल तसा बाहेर येत राहतो. सौम्य आजारात प्रयोगशाळेत वाढवता येईल असा जिवंत विषाणू साधारण दहा दिवसांनंतर क्वचितच सापडतो, पीसीआर मात्र त्यापुढेही कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. 2020 मध्ये दक्षिण कोरियात बरे होऊन पुन्हा पॉझिटिव्ह आलेल्या 285 जणांचा तपास झाला. त्यातल्या 108 जणांच्या नमुन्यांतून विषाणू वाढवून पाहिला, एकातही वाढला नाही. त्यांच्यामुळे कुणाला नवी लागण झाल्याचा पुरावाही मिळाला नाही.

यावर नेहमीचं उत्तर असतं की मग सीटी बघा. तत्त्वतः ते बरोबर आहे. आरएनएपासून आधी डीएनए बनवतात आणि दर फेरीला त्याच्या प्रती साधारण दुप्पट होतात, म्हणून कमी फेऱ्यांत सिग्नल मिळाला तर मुळात माल जास्त होता. समजा आजाराच्या पहिल्या आठवड्यात सीटी 18 होती आणि तिसऱ्या आठवड्यात 32 आली. फरक 14 फेऱ्यांचा, म्हणजे आरएनए सोळा हजार पटींहून अधिक घटलं. एकाच लॅबमध्ये, एकाच किटवर, एकाच जनुकासाठी हे आकडे असतील, तर ही माहिती कामाची आहे.

माझं घोडं इथेच अडलं. दुसऱ्या वेळी नमुना वेगळ्या लॅबला गेला आणि सीटी वाढायच्या ऐवजी खाली आली. माझी तब्येत सुधारत होती, पण कागदावर विषाणू वाढलेला! घरात पुन्हा मास्क, पुन्हा वेगळी खोली. नंतर दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले, तेव्हा दिसलं की एकात ई जनुकाचा आकडा होता आणि दुसऱ्यात एन जनुकाचा, किटही निराळे. शिवाय स्वॅब किती खोल घेतला, आरएनए किती द्रवात काढला, यानेही आकडा काही फेऱ्यांनी हलतो. सीटीवर सर्वमान्य एककाचा शिक्का नसतो. आणि सगळं जुळलं तरी 33 हा एकटा आकडा आजार चढतोय की उतरतोय हे सांगत नाही. लागणीच्या पहिल्या दिवशीही तो 33 असू शकतो.

अँटिजेन चाचणी त्या मानाने मठ्ठ आहे आणि या कामाला तेच बरं. तिला विषाणूचं एन प्रथिन बऱ्यापैकी प्रमाणात लागतं, त्यामुळे उरल्यासुरल्या तुकड्यांवर ती सहसा रेषा दाखवत नाही. माझी ती पीसीआरच्या बरीच आधी निगेटिव्ह झाली, आणि तब्येतीशी तिचाच मेळ बसत होता. अर्थात एका माणसाच्या अनुभवावर फार भार टाकू नये. स्वॅब वरवर घेतला तर ती खोटी निगेटिव्ह येते, लागणीच्या सुरुवातीला तर बऱ्याचदा चुकवते. म्हणून ताप गेल्यावर 48 तासांच्या अंतराने दोनदा निगेटिव्ह, असं मी धरलं. कधी ती दहा दिवसांपुढेही पॉझिटिव्ह येत राहते, पण तो सहसा काही दिवसांचा प्रश्न असतो, आठवड्यांचा नव्हे.

प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील किंवा अवयव प्रत्यारोपण झालं असेल, तर माझा हिशेब लावू नका. अशा रुग्णांत जिवंत विषाणू आठवडेच काय, महिनेही राहू शकतो. तिथे पीसीआरच करावी लागते, निर्णय डॉक्टरांचा. तेव्हा मात्र दर वेळी तीच लॅब धरा, कोणत्या जनुकाची सीटी आहे ते लिहून मागा, आणि मानवी जनुकाच्या कंट्रोलचा आकडाही विचारा. तो नेहमीपेक्षा फार वर गेला असेल, तर स्वॅबमध्ये पेशीच कमी आल्या असण्याची शक्यता आहे, आणि मग विषाणूच्या वाढलेल्या सीटीवरही विसंबता येत नाही.